कानातली बिनवायरची बोंडं

नमस्कार मंडळी. ही हातातली डबी पाहून मागच्या बैठकीत एकांनी विचारलं, “तपकीर का?” तपकीर नाही, हे बिनवायरचे इअरफोन. ब्लूटूथवर चालतात, म्हणजे फोनपासून साधारण दहा मीटरपर्यंत. मध्ये भिंत आली की कमी. ही डबी म्हणजेच त्यांचा चार्जर. बोंडावर L असेल ते डाव्या कानात, R उजव्या. सोबत रबराच्या लहान-मोठ्या टोप्या येतात, त्या घालून बघा. टोपी सैल असली की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत बसतो.

आता आवाजाचं. हे जरा सावकाश सांगतो, कारण माझी स्वतःची चूक इथेच झाली. वयानुसार आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. मी आवाज वाढवत गेलो. शब्द काही स्पष्ट झाले नाहीत, कान मात्र रात्री गुणगुणायला लागले. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा फक्त 4 तास. डेसिबल मोजत कोण बसणार? फोनवरची पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे, साठ टक्क्यांच्या आत ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. तेवढ्यातही शब्द कळले नाहीत, तर कान तपासून घ्या. इअरफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. आणि रस्त्यावर चालताना दोन्ही काढून ठेवा.

हमखास येणाऱ्या तीन तक्रारी. एक, जोडलेच जात नाहीत. बहुतेक वेळा ते घरातल्या दुसऱ्याच फोनला चिकटलेले असतात. नातवाच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग आपल्यावर जोडा.

दोन, एकच कान वाजतो. दोन्ही बोंडं डबीत ठेवा, दिवा लागतो का बघा. न वाजणारं बोंड चार्जच झालेलं नसतं. डबीतले धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा.

तीन, आवाज दिवसेंदिवस बारीक. यात दोष बहुधा कानातल्या मळाचा. टोपी काढा, आतली जाळी खाली धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडा. खाली धरायची, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. टाचणी नको, पाणी तर नकोच. टोपी वेगळी धुतली तर चालते, पूर्ण वाळवून लावा.

ब्रश आणलाय. ज्यांनी आपापले इअरफोन आणलेत, त्यांनी टेबलापाशी या, एकेकाचे करून बघू.