ड्रॉबॅक अन् रोडटेप क्लेमची तपासणी, 2023-24: सूत एक्स्पोर्टच्या 23 शिपिंग बिलांचा रिपोर्ट

भाऊ, नमस्कार. मागच्या आठवड्यात तीन दिवस गिरणीवर बसून तुमच्या एक्स्पोर्टच्या फायली पाहिल्या, आता लिहून पाठवतो. हिंगणघाटातून माल निघतो अन् न्हावा शेवाला जहाजावर चढतो, मधात कागद पाच जणांच्या हातातून जातात, त्यामुळे कोण चोर कोण साव असं काही शोधायला मी बसलो नव्हतो. पाहायचं एकच होतं, ड्रॉबॅक अन् रोडटेप, म्हणजे एक्स्पोर्टच्या मालावरचे कर परत मिळायच्या दोन योजना, यातून सरकारकडून जेवढे पैसे घेतले तेवढा माल खरंच गेला का अन् त्याचे पैसे आले का.

एप्रिल 23 ते मार्च 24 मधी 23 शिपिंग बिलं, सगळी INNSA1 म्हणजे न्हावा शेवा पोर्टची, सगळा माल कॉटन यार्न. ड्रॉबॅक मिळालेला 14,86,240 रुपये, बँकेतला जमा अन् कस्टमच्या स्क्रोलवरचा, म्हणजे पैसे सोडल्याच्या यादीतला आकडा पैशापैशाला जुळला, तिथं काही नाही. प्रत्येक बिलाला मी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, फॉरवर्डरचं बिल, ई-बीआरसी म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, अन् तुमचा गेटचा रजिस्टर लावून पाहिला. गेटचा रजिस्टर कोणी मागत नाही म्हणून तुमचा अकाउंटवाला दादा हसला, पण सगळ्यात जास्त कामाचा तोच निघाला.

ऑगस्टमधलं बिल घ्या. शिपिंग बिलावर 400 कार्टन, 45 किलोचं एक, म्हणजे 18,000 किलो, 3.24 डॉलर किलो एफओबी, म्हणजे जहाजभाडं अन् विमा सोडून मालाचा भाव, एकूण 58,320 डॉलर. ड्रॉबॅक त्याच्यावरच घेतला. अन् गेटच्या रजिस्टरात वॉचमनकाकांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, "12 नग ओले, उतरवले, 388 गेले". त्या दिवशी शेडात पाणी गळत होतं, कंटेनरला सील मारायच्या आधी बारा कार्टन बाहेर काढले, पण इन्व्हॉइस आदल्या संध्याकाळीच सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटला, मेल झाला होता अन् तो बदलायचा कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. बिल ऑफ लेडिंग पहा, 388. ई-बीआरसी पहा, 56,570.40 डॉलर, म्हणजे बरोबर 388 चे पैसे. तीन कागद एक सांगून राहिले अन् शिपिंग बिल एकटंच दुसरं सांगून राहिलं, अन् पैसे त्या एकट्याच्याच भरवशावर आले. फरक 1,749.60 डॉलर, 82.50 च्या रेटनं 1,44,342 रुपये एफओबी, त्याच्यावर जास्तीचा ड्रॉबॅक 1,949. रक्कम लहान आहे, पण कस्टमवाला पाहील तर तो रकमेकडे नाही पाहात, न गेलेल्या मालाचा क्लेम असंच लिहितो. शॉर्ट शिपमेंटची दुरुस्ती त्याच वेळी कस्टम अ‍ॅक्टच्या कलम 149 खाली सीएचएनं मागायला पाहिजे होती.

दुसरी गोष्ट फ्रेटची. चटगावच्या चार बिलांत भाव सीआयएफ आहे, म्हणजे भाडं अन् विमा त्यातच. ड्रॉबॅक मिळतो एफओबीवर, म्हणून भाडं वजा करावं लागते, ते केलं आहे पण आकडा कुठून आला कोणालाच माहीत नाही. एका बिलात सीआयएफ 58,320, भाडं 400, विमा 70, उरले 57,850. फॉरवर्डरचं बिल फाईलमध्येच पिन मारून आहे, त्यात भाडं 1,250! म्हणजे एफओबी 57,000 च पाहिजे. दादाला विचारलं तर म्हणे मागच्या वर्षीचं शिपिंग बिल कॉपी करून फक्त नंबर बदलतात. चारही बिलांचा मिळून फरक 3,140 डॉलर, ड्रॉबॅकचा जास्तीचा हिशोब 3,497 रुपये.

आता मोठं. 6 जून 2023 ला माल गेलेलं बिल, 57,240 डॉलरचं, त्याचा ड्रॉबॅक 63,828 घेतलेला आहे अन् पार्टीकडून एक डॉलरही आला नाही. त्या वेळी आरबीआयची मुदत 9 महिन्यांची होती, म्हणजे 6 मार्च 2024 ला संपली. तुम्ही म्हणता बँकेकडून मुदत वाढवून घेतली होती, फाईलमध्ये तुमचा विनंतीचा मेल आहे पण बँकेचं उत्तर नाही. मुदतवाढीचं पत्र असेल तर हा मुद्दा मी काढून टाकीन, नसेल तर 2017 च्या ड्रॉबॅक रूल्सच्या नियम 18 प्रमाणे हा पैसा परत करावा लागते, उशीर झाला तर व्याजासकट. रोडटेपचंही तसंच, त्या बिलाची स्क्रिप, म्हणजे रोडटेपचं विकता येणारं क्रेडिट, तुम्ही विकून बसलात ना, त्यामुळे तिची रक्कमही अंगावर येते, हे त्या दलालानं तुम्हाला सांगितलं नसेल.

अन् आता ते, ज्यामुळे मला खरंच राग आला. सप्टेंबरच्या दोन बिलांत RODTEPY, म्हणजे रोडटेप पाहिजे असं सांगणारा कोड, टाकलंच नाही! रोडटेपचा क्लेम शिपिंग बिलातच सांगावा लागते, माल गेल्यावर आठवलं म्हणून चालत नाही. दोन बिलांचे तीन-साडेतीन लाखाच्या घरात पैसे गेले. आपण 69 हजाराच्या जास्तीच्या क्लेमची चिंता करून राहिलो अन् इकडं हक्काचे त्याच्या चौपट-पाचपट सोडून दिले. सीएचएनं फाईल घेतली तेव्हा ट्रेनी पोरगं बसलेलं होतं म्हणे, पण चेकलिस्ट तुमच्याकडं मंजुरीला आली होती अन् "ओके" चा मेल तुमच्याच ऑफिसातून गेला आहे, मी पाहिला. दुरुस्तीचा अर्ज करून पहा, मिळेल याचा भरवसा मी देत नाही.

बाकी किरकोळ. एजंटचं कमिशन 2 टक्के आहे, 12.5 टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप खाली, त्यामुळे एफओबीतून काही कापायचं नाही. कस्टमचा एक्स्चेंज रेट सगळीकडं बरोबर लागला. एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता एक्स्पोर्ट करायचं हमीपत्र, चालू आहे. कार्टनचं वजन मी नऊ ठिकाणी वजनकाट्याच्या पावतीशी जुळवलं, ठीक आहे.

ड्रॉबॅकचा एकूण जास्तीचा आकडा 69,274 (63,828 + 3,497 + 1,949), यात बँकेचं पत्र निघालं तर 5,446 च राहतो. रोडटेपचा फरक वेगळा, त्याचा तक्ता शनिवारी पाठवतो. माझं म्हणणं एवढंच की 5,446 वाला भाग विचारायची वाट न पाहता व्याजासकट भरून टाका अन् चलनाची कॉपी पाठवा. कलम 99ए खाली कस्टमचा ऑडिट आला तर त्यांनी काढण्याआधी आपण भरलेलं दिसणं फार कामाचं असते. 63,828 साठी बँकेत उद्याच कोणाला तरी पाठवा, फोनवर नका मागू, लेखी मागा.

पुढच्या कंटेनरपासून दोन गोष्टी करा. सीएचएला इन्व्हॉइस सील मारल्यावरच जाईल, आधी नाही, अन् गेटच्या रजिस्टराचा फोटो त्याच्यासोबत जाईल. फ्रेटचा आकडा फॉरवर्डरच्या कोटेशनवरून, मागच्या बिलावरून नाही. वॉचमनकाकांना पेनानं लिहायला सांगा, पेन्सिल पुसते. आणि त्या 12 ओल्या कार्टनांचं पुढं काय झालं तेही सांगा, स्टॉकमध्ये मला दिसले नाहीत.