ज्युनिअर वेब डेव्हलपर पदासाठी अर्ज

दिनांक: 14 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वेब विकास विभाग,
छत्रपती संभाजीनगर

विषय: ज्युनिअर वेब डेव्हलपर पदासाठी अर्ज, सोबत कॉलेजच्या काळात बांधलेले आणि आज चालू असलेले दोन प्रकल्प

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या जाहिरातीत दोन गोष्टी मागितल्या आहेत: रिॲक्ट आणि नोडचे काम येणे, आणि मराठी नीट लिहिता-वाचता येणे, कारण आपले बहुतेक ग्राहक पतसंस्था आणि बाजारपेठेतले व्यापारी आहेत. दुसरी अट वाचल्यावर हे पत्र मराठीतच लिहायचे ठरवले. मी औसा तालुक्यातल्या एका गावची. लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून या जूनमध्ये कॉम्प्युटर शाखेत बी.टेक. पूर्ण केले. गुण आणि विषय रेझ्युमेत आहेत. इथे मला माझ्या दोन वेबसाइटविषयी लिहायचे आहे. त्या परीक्षेपुरत्या बनवल्या नव्हत्या, आमच्या गावातल्या माणसांनी त्या वापरल्या, आणि माझे बरेचसे शिकणे त्यांच्या वापरातूनच झाले.

पहिली साइट आहे ‘पट्टी’: soyabean-patti-ausa.vercel.app

सोयाबीन आडतीवर घातले की हातात हिशोबपट्टी येते. पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात किती आले. माझे वडील या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी विचारले, “मागच्या साली टेम्पोचं भाडं धरून क्विंटलमागं काय पडलं, काढून दे.” डबा उघडून बसले, तर निम्म्या कागदांवरची शाई उडालेली होती. तिथून ‘पट्टी’ सुरू झाली. शेतकरी स्वतः आकडे भरतो, साइट निव्वळ रक्कम आणि क्विंटलमागे पडलेला खरा भाव दाखवते. ओलाव्याची टक्केवारी नोंदायलाही जागा आहे, कारण भावाची घासाघीस तिथेच होते.

ही साइट रिॲक्टमध्ये आहे आणि तिला सर्व्हर नाही. सगळी नोंद त्या माणसाच्या फोनमध्येच राहते. कोणाला किती पैसे आले हे दुसऱ्याला कळू नये, ही वडिलांची पहिली अट होती आणि ती मला पटली. रक्कम रुपयांऐवजी पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, असे दोन्ही पूर्णांकात साठवले आहे, कारण जावास्क्रिप्टमध्ये 0.1 + 0.2 चे उत्तर 0.30000000000000004 येते आणि तसला आकडा हिशोबात दिसला की माणसाचा विश्वास उडतो.

सर्वात जास्त वेळ मात्र एका साध्या रकान्याने घेतला. मी भावासाठी type="number" ठेवले होते. माझ्या फोनवर सगळे ठीक चालत होते. चुलत्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. ते ४२५० टाइप करायचे आणि रकाना रिकामाच राहायचा. साइट बंद पडली असे समजून त्यांनी दोन दिवस ती उघडलीच नाही. मी शेजारी बसून बघितले तेव्हा कारण कळले. आता रकाना साधा मजकुराचा आहे, inputmode="decimal" लावले आहे, आणि देवनागरी अंक आले तर आधी बदलून घेते:

```js
const anka = (s) =>
  s.replace(/[०-९]/g, (c) => c.charCodeAt(0) - 0x0966);
```

हे न करता Number('४२५०') केले तर उत्तर NaN येते. आपल्या पतसंस्थांच्या खातेदारांमध्ये मराठी कीबोर्ड वापरणारे असणारच, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

दुसरी साइट ‘खेप’: khep-nond-ausa.onrender.com

हिच्यात गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरच्या खेपांची नोंद होते. मागे नोड, एक्सप्रेस आणि पोस्टग्रेस आहे. मोफत होस्टिंगवर असल्याने बराच वेळ कोणी न उघडल्यास सर्व्हर झोपतो. पहिल्यांदा उघडताना मिनिटभर थांबावे लागेल, कृपया तेवढे थांबावे. पाहण्यासाठी नमुना गावाची नोंद खुली ठेवली आहे. खऱ्या गावाची नोंद पासवर्डमागे आहे.

2023 चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला आणि 2024 च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर लागला. टँकरच्या खेपा एका वहीत लिहायच्या: गाडी नंबर, वेळ, कोणत्या आळीला पाणी सोडले, सही. वही एक आणि विचारणारे पन्नास. “आमच्या आळीला चार दिवस पाणी नाही” म्हणणारा खरा की वही खरी, यावरून रोज भांडण. वर्गातल्या दोन मैत्रिणींसोबत मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही ‘खेप’ बनवली. कामाची वाटणी स्पष्ट सांगते: लॉगिन आणि पडद्यांची मांडणी त्या दोघींची, डेटाबेस, सर्व्हर, ऑफलाइन नोंद आणि नंतरची सगळी देखभाल माझी. एप्रिल ते जून या काळात तिच्यात दोनशेच्या वर खेपा नोंदल्या गेल्या.

विहिरीपाशी, जिथे टँकर रिकामा होतो, तिथे रेंज नसते. म्हणून नोंद आधी फोनमधल्या इंडेक्स्ड-डीबीत जाते आणि रेंज आली की सर्व्हरला पोचते. पहिल्याच आठवड्यात काही खेपा दोनदा दिसू लागल्या. नोंद सर्व्हरला पोचायची, पण उत्तर परत येण्याआधी रेंज जायची. फोनला वाटायचे काम झालेच नाही, आणि तो तीच नोंद पुन्हा पाठवायचा. आता प्रत्येक नोंदीला फोनवरच crypto.randomUUID() ने ओळख मिळते आणि सर्व्हरवर ON CONFLICT (id) DO NOTHING आहे. तीच नोंद दहा वेळा आली तरी एकच राहते. पतसंस्थेच्या भरण्याच्या नोंदीतही हाच प्रश्न येत असेल असे मला वाटते, आणि तिथे तर पैसे असतात.

त्यानंतरची चूक पूर्णपणे माझी होती. पाणी सोडणारे काका पहाटे पाचच्या खेपेची नोंद करायचे. एक दिवस त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. “बाई, सही म्या आज केली, अन् हे कालची तारीख दावतंय. उद्या मला खोटं पाडतील.” मी तारीख toISOString() मधून कापून घेत होते. ती ग्रीनिचच्या वेळेची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक खेप आदल्या दिवशी जात होती. दुपारी बसून तपासणाऱ्या मला ते कधी दिसलेच नसते.

```js
const din = new Intl.DateTimeFormat('en-CA', {
  timeZone: 'Asia/Kolkata'
}).format(new Date());
```

जुन्या अकरा नोंदी चुकीच्या दिवशी गेल्या होत्या. सुदैवाने पूर्ण वेळ वेगळ्या रकान्यात साठवलेली होती, त्यावरून तारखा दुरुस्त केल्या. दुरुस्ती केल्याची यादी छापून काकांना दिली आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. एका माणसाच्या सहीचा प्रश्न होता, गुपचूप दुरुस्त करून चालले नसते.

छपाईचेही सांगते, कारण जाहिरातीत मराठी पावत्यांचा उल्लेख आहे. आठवड्याची यादी पीडीएफमध्ये देण्यासाठी मी आधी jsPDF वापरले. त्यात देवनागरी जुळणी नीट होत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरे तुटतात. ‘विहीर’ हा शब्दच वाचता येईना. शेवटी @media print लिहून ब्राउझरकडूनच छापून घेतले आणि देवनागरी फॉन्ट साइटसोबतच ठेवला, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरही यादी तशीच निघते. नमुना गावाच्या पानावर ‘यादी छापा’ हे बटण दाबून पाहता येईल.

दोन्ही साइटचा कोड गिटहबवर आहे, दुवा रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत दिला आहे. ‘खेप’ची जुनी कमिट पाहिली तर सुरुवातीचा कोड कच्चा दिसेल. तो मी पुसलेला नाही.

जे येत नाही तेही कळवते. टाइपस्क्रिप्ट गेल्या चार महिन्यांत शिकले, ‘पट्टी’ त्यात हलवण्याचे काम अर्धे झाले आहे. पेमेंट गेटवे कधी जोडलेला नाही. स्वयंचलित टेस्ट फक्त हिशोबाच्या फंक्शनना आहेत, पडद्यांना नाहीत. मोठ्या टीममध्ये, दुसऱ्याने माझा कोड तपासून परत पाठवला आहे असे काम अजून केलेले नाही, आणि आपल्याकडे येण्यामागे हे शिकायचे हे माझे मोठे कारण आहे. एकटीने काम करताना माझी चूक मला नेहमी वापरणाऱ्या माणसाने दाखवली. ती त्याच्यापर्यंत जाण्याआधी कोणीतरी पकडावी, आणि मीही दुसऱ्याची पकडावी, अशी जागा मला हवी आहे.

पुण्याला जाण्याचा आग्रह घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे झाला. पण ज्या दुकानदाराच्या किंवा खातेदाराच्या शेजारी जाऊन बसता येते, त्याच्यासाठी साइट बांधणे मला जमते आणि आवडते. आपले काम याच भागातल्या लोकांसाठी आहे, म्हणून पहिला अर्ज आपल्याकडे पाठवत आहे.

1 ऑगस्टपासून रुजू होऊ शकते. शहरात मावशीकडे राहण्याची सोय आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी बोलावल्यास आदल्या रात्रीच्या एसटीने निघून सकाळी पोचेन. निवडीसाठी एखादे छोटे काम करून पाहायला दिले तरी चालेल. फोन आणि ईमेल रेझ्युमेत आहेत. दुपारी दोन ते चार गावात रेंज कमी असते, त्या वेळेत फोन न लागल्यास मेसेज करावा, मी लगेच उलट फोन करेन.

आपली विश्वासू,
वैष्णवी
ता. औसा, जि. लातूर

सोबत: रेझ्युमे, बी.टेक. अंतिम वर्षाचे गुणपत्रक