वास्तुशांतीच्या पंगतीआधी

मंडळी, नमस्कार! पानं मांडताहेत, तोवर माझे दोन शब्द ऐका.

महाल सोडून आम्ही बेसाला आलो. माणसं आली, सामानही आलं, फक्त ते अजून खोक्यातच आहे. आत्या, तुम्ही बसलात ना, त्या खोक्यात बाबांची पुस्तकं आहेत. मजबूत आहे, निवांत बसा. भाऊजी, तुमच्या खोक्यात मात्र कपबश्या आहेत, हसताना जरा बेतानं! पोळपाट सापडलं, लाटणं अजून कुठल्या खोक्यात आहे देव जाणे. 'स्वयंपाकघर' लिहिलेलं खोकं उघडलं, तर आतून रजया निघाल्या. मे महिन्यात, नागपुरात! आज पूजेची पळी समोरच्या काकूंकडून आणली. काकू, तुमच्यामुळे गुरुजींचा खोळंबा टळला.

आता सल्ल्यांचं सांगते. या घरात आधी सल्ले आले, मग फर्निचर आलं. देवघर ईशान्येला हवं, शेगडी आग्नेयेला हवी, इथवर सगळ्यांचं एकमत. कूलरपाशी मात्र दोन तट पडले. मामाजी म्हणाले, "पोरी, समोरची खिडकी उघडी ठेव, नाहीतर घर नुसतं दमट होईल." मोठे काका म्हणाले, "उघडी ठेवली तर ऊन आत येते ना!" दोघंही आपापली खिडकी धरून उभे. शेवटी कूलर सुरू करून बघितला. खिडकी बंद होती तोवर गादीसुद्धा चिकट लागत होती, उघडल्याबरोबर वारा खेळायला लागला. मामाजी जिंकले! पण पश्चिमेच्या भिंतीला कूलर नको, हे काकांचं म्हणणं आम्ही ऐकलं. दुपारनंतर ती भिंत हात लावू देत नाही. तुम्ही न विचारता सांगता, कारण हे घर तुम्ही आपलं मानता. सांगत राहा. फक्त हॉलचा रंग कोणी बदलायला लावू नका, तो माझ्या सासूबाईंनी निवडलाय.

आणि निघताना वेळ लावणारे पाहुणे! आपल्याकडे "येतो" म्हटलं की माणूस चप्पल घालतो, आणि खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात. महालच्या वाड्यात मावशी एकदा अशाच दारात उभ्या राहिल्या, त्या दुसऱ्यांदा चहा घेऊनच गेल्या. म्हणून इथे सुताराकडून दाराशी मुद्दाम सागवानी बाक करून घेतलाय. खाली चपला, वर तुम्ही. उभ्यानं गप्पा मारून कोणाचे गुडघे दुखायला नकोत.

रात्र झाली तर गच्ची धुऊन ठेवली आहे, गाद्या मात्र खोक्यात नाहीत, मी तपासलंय. सकाळी तर्री पोहे आहेत. चला, वडाभात गरम आहे, वरून फोडणीचं तेल मागून घ्या. आत्या, उठा, पहिल्या पंगतीत तुम्हीच बसायचं.