विषय: क्रिएटिन मला चालेल का, याबद्दल सल्ला हवा (कुस्ती, ६५ किलो, शाकाहारी)

आदरणीय डॉक्टर साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी प्रथमेश पाटील, मु. येळ्ळूर, ता. बेळगाव. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजकडून फ्रीस्टाईल ६५ किलोत खेळतो. आमच्या तालमीतल्या एका मोठ्या मल्लाच्या खांद्यावर तुम्ही उपचार केले होते. त्यांच्याकडून तुमचा ईमेल वस्तादांनी मिळवून दिला. क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरू करावं का, हे विचारण्यासाठी लिहितोय. तुम्हाला अंदाज यावा म्हणून सगळं सविस्तर सांगतो. थोडं लांबेल, माफ करा.

उंची १६८ सेंटिमीटर, सकाळचं उपाशीपोटी वजन साडेसदुसष्ट किलो. पहाटे साडेचारला उठतो, पाचला तालमीत. आधी आखाडा खणून माती भुसभुशीत करायची, मग सपाटे, जोर, बैठका, दोर आणि शेवटी जोडीबरोबर लढत. आठवड्यातून दोनदा त्याऐवजी राजहंसगडाचा चढ पळतो. खालच्या वळणापासून वर दरवाजापर्यंत दम न घेता जायचं, असा वस्तादांचा दंडक आहे. नऊच्या बसने बेळगावला कॉलेज. संध्याकाळी पाच ते साडेसात मॅटवर सराव, रात्री दहाला झोप. रविवारी सुट्टी, पण सुगीत ती शेतातच जाते. आमचं बासमतीचं रान आहे, कापणी-मळणीला माणसं मिळत नाहीत, मग घरच्यांबरोबर मीही असतो.

आता खाणं. आमचं घर माळकरी आहे. आई-बाबा दरवर्षी आषाढीला जातात. घरात मांस-मासे सोडाच, अंडंही येत नाही आणि मी बाहेरही खात नाही. पहाटेच्या मेहनतीनंतर भिजवलेले बदाम, खसखस, वेलची वाटून केलेली थंडाई. दिवसभरात घरच्या म्हशीचं दीड लिटर दूध. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, उसळ किंवा घट्ट आमटी, थोडा भात, तूप. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, कधी पनीर. माझ्या हिशेबाने प्रोटीन शंभर ग्रॅमच्या आसपास जातं. पावडरचं कुठलंच प्रोटीन आजवर घेतलेलं नाही.

क्रिएटिनचा विचार इथूनच सुरू झाला. शरीर स्वतः यकृतात आणि मूत्रपिंडात थोडं क्रिएटिन बनवतं, बाकीचं मांस-माशांतून येतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, असं मी वाचलं. आणि माझी अडचण नेमकी तिथेच वाटते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत पहिली फेरी माझी असते. पट काढताना उचल चांगली लागते. दुसऱ्या फेरीत तोच डाव तिसऱ्यांदा टाकताना पाय हातात येतो, पण वर उचलायचा तो झटका उरलेला नसतो. गडाच्या चढावर दम टिकतो, म्हणजे दम कमी आहे असं वाटत नाही. काही सेकंदांच्या स्फोटक ताकदीसाठी क्रिएटिन उपयोगी पडतं असं म्हणतात. पण माझी ही तक्रार त्याने भागण्यासारखी आहे, की सरावाच्या पद्धतीतच बदल हवा, हे तुम्हीच सांगू शकाल.

खरी काळजी दोन गोष्टींची आहे.

पहिली वजनाची. स्नायूंत पाणी धरल्यामुळे सुरुवातीला किलो-दोन किलो वजन वाढू शकतं म्हणे. मी आधीच अडीच किलो उतरवून ६५ मध्ये बसतो. शेवटचे चार-पाच दिवस भात आणि मीठ बंद, आदल्या दिवशी पाणी घोटघोट आणि जाकीट घालून पळणं. ७० किलोत आमच्याच कॉलेजचा तगडा मल्ल आहे, त्यामुळे वरच्या गटात जायला जागा नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आहेत. क्रिएटिन चालू असताना असं पाणी तोडलं तर धोका आहे का? की स्पर्धा होईपर्यंत थांबून, मातीच्या मैदानांच्या हंगामात, जिथे माझ्यासाठी वजनाची काटेकोर अट नसते, तेव्हा सुरू करणं शहाणपणाचं?

दुसरी काळजी मूत्रपिंडाची. आजोबांना साखर आणि बीपी होतं. शेवटची दोन वर्षं ते डायलिसिसवर होते. त्यांना आठवड्यातून दोनदा गाडीत बसवून नेणं मी पाहिलंय, म्हणून घरात हा विषय काढला की आईचा चेहरा उतरतो. बाबांना मुतखड्याचा त्रास झाला होता. मला स्वतःला काही नाही. गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा केलेल्या तपासणीत माझं क्रिएटिनिन १.२ आलं होतं. रिपोर्टवर १.३ पर्यंत नॉर्मल लिहिलंय, पण काठावरच आहे. क्रिएटिन घेतल्यावर मूत्रपिंड धडधाकट असूनही हा आकडा थोडा वाढू शकतो, असंही कळलं. मग पुढे खरोखर बिघाड झाला तर तो ओळखायचा कसा? सिस्टॅटिन सी नावाची तपासणी त्यासाठी करतात का? आणखी एक सांगायला हवं. उजवा गुडघा दुखतो तेव्हा मी डायक्लोफिनॅकची गोळी घेतो, महिन्यातून तीन-चार वेळा. या दोन्ही गोष्टी एकत्र चालतील का?

शहरातल्या एका दुकानदाराने मला पहिला आठवडा रोज २० ग्रॅम, चार वेळा विभागून, आणि वर कसलीशी प्री-वर्कआउट पावडर असा बेत सांगितला. ती पावडर मी घेणार नाही. त्यात काय काय मिसळलंय ते डब्यावरून कळत नाही. क्रिएटिनवर वाडाची बंदी नाही, पण भेसळीच्या डब्यामुळे पोरं डोपिंगमध्ये अडकतात, आणि ते मला परवडणारं नाही. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात साठा भरतो असं वाचलंय. मला घाई नाही. चालणार असेल तर किती, कधी आणि खात्रीचा डबा कसा ओळखायचा, एवढं सांगा.

वस्ताद अजून राजी नाहीत. ते म्हणाले, "दूध-तूप पचवून दाखव, मग डब्याचं बघू. पण डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं तर माझी ना नाही." त्यांना आणि आईला दाखवता येईल असं तुमचं उत्तर असलं तर फार बरं होईल. तुम्ही नको म्हणालात तर मी घेणार नाही, हे घरी सांगून ठेवलंय.

कोल्हापूरला यायचं तर माझा पूर्ण दिवस जातो, म्हणून विचारतो: रक्त-लघवीच्या कोणत्या तपासण्या आधीच बेळगावात करून रिपोर्ट घेऊन येऊ? रक्त द्यायच्या आधी मेहनत किती दिवस बंद ठेवायची तेही कळवा. गेल्या वेळी ताप यायच्या आदल्याच दिवशी जोरात लढत झाली होती, आकडा त्यामुळे वाढला असेल का, अशी शंका आहे. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं, त्यामुळे दुपारनंतरची कुठलीही वेळ मला चालेल. जुना रिपोर्ट आणि गुडघ्याचा एक्स-रे सोबत जोडलाय.

आपला विश्वासू,
प्रथमेश पाटील
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव