आई-अण्णांचं पहिलं विमान ✈️ ओझर ते हैदराबाद

फोटोत खिडकीशी आई, शेजारी अण्णा. सीट 12ए आणि 12सी. पगारातून दरमहा 3,000 रुपयांची बँकेतली आरडी वर्षभराने हातात आली. ही माझी पहिली बचत, आणि तिच्यातून पहिली खरेदी हीच: तिघांची जाऊन-येऊन तिकिटं आणि हैदराबादेत दोन रात्री.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या मळ्यात दोघांचं अख्खं आयुष्य विमानांच्या आवाजाखाली गेलं. ओझरचा एचएएलचा कारखाना 1964 चा. आधी मिग, मग सुखोई. डिपिंग करताना, विरळणी करताना, घड मोजताना वर बघायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. ओझरला प्रवाशांचं टर्मिनल झालं 2014 मध्ये, पण आपण त्यात बसायचं हे दोघांच्या बोलण्यात कधी आलंच नाही. म्हणून मुंबईहून नाही, ओझरहूनच उडायचं ठरलं. तारीख गोडी छाटणीच्या आधीची, कारण एकदा छाटणी सुरू झाली की अण्णा बागेतून हलत नाहीत.

आपल्या आई-वडिलांना पहिल्यांदा नेणार असाल, तर पुढचं वाचा. काउंटरवर कुणी चारचौघांत अडवलं की आपली माणसं ओशाळतात आणि दिवसभर गप्प राहतात. ते होऊ द्यायचं नसेल, तर तयारी घरातूनच करावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आईचं पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि घरात तिसरंच. जे कार्ड गेटवर दाखवायचं, तेच समोर ठेवून तिकिटावर अक्षर न् अक्षर उतरवा. पहिल्या नावाच्या रकान्यात नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, दुसऱ्यात आडनाव. मूळ कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवा, सामानात टाकलेल्या बॅगेत नको.

सामान माणशी 15 किलो खाली आणि 7 किलो हातात. विमान एटीआर, पंख्यांचं. त्यातले वरचे कप्पे लहान असतात, म्हणून फुगलेली बॅग विमानाच्या दारातच काढून घेतात. औषधं, चष्मा, कार्ड आणि फोन वेगळ्या छोट्या पिशवीत असले की काळजी नाही. पॉवर बँक मात्र हातातच हवी, खालच्या बॅगेत चालत नाही. अण्णांचा अडकित्ता धारदार, म्हणून तो खालच्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर कुठेच नाही. तेलाचं लोणचं आणि तिखट पूड हातातल्या बॅगेत अडवतात. सुकं खोबरं तेलकट असल्याने पेट घेऊ शकतं, ते घरीच ठेवा. दशम्या आणि चिवडा खुशाल न्या.

ओझरला जाताना एचएएलच्या वसाहतीकडे वळू नका, टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे. चेक-इन उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं आणि गेट 25 मिनिटं आधी. एसटीसारखं हात करून थांबवता येत नाही, हे अण्णांना आधीच सांगितलं होतं. आम्ही दोन तास आधी पोहोचलो. म्हाताऱ्या माणसांना घाईत पळवण्यापेक्षा निवांत बसवलेलं केव्हाही बरं.

तपासणीत बायकांना पडद्याआड बाई कर्मचारी तपासतात. आईला हीच धाकधूक होती. अंगावर हात फिरवतील, यंत्र पाटल्या-बांगड्यांवर वाजेल, तरी घाबरायचं नाही, एवढं सांगून ठेवलं की पुरतं. फोन, पाकीट, पट्टा, खिशातली चिल्लर हे सगळं ट्रेमध्ये. अण्णांच्या बंडीला आतून चोरखिसा आहे, तो रिकामा करायला विसरू नका.

एटीआरला दार मागे असतं आणि पायऱ्या मोजक्या. गुडघेदुखीच्या माणसांना हे फार सोयीचं. रांगेत दोन-दोन सीट, मधली सीटच नाही. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालची जमीन अडत नाही. पहिल्यांदा बसणाऱ्याला मोठ्या जेटपेक्षा हेच विमान जास्त दाखवतं, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या बाजूला पंख्यांचा आवाज जास्त येतो, म्हणून मागच्या रांगा घेतल्या.

डावी बाजू मुद्दाम निवडली. ओझरहून हैदराबादची वाट सरळ धरली, तर आग्नेयेकडे जाताना आधी निफाडच्या बागा आणि शेततळी, मग नांदूरमध्यमेश्वरचं पाणी आणि पुढे डावीकडे लांबवर पैठणचं नाथसागर येतं. सप्टेंबरात धरणं भरलेली असतात. ढगांतून जेवढं दिसलं, त्यात अण्णांनी आधी शोधलं ते गोदावरीचं वळण, आणि आईने वरून कुणाच्या बागेला प्लॅस्टिक आहे ते मोजलं.

आता कानाचं. वर चढताना आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि उतरताना पुन्हा वाढतो. कानाच्या आतली हवा तितक्या लवकर जुळवून घेत नाही, म्हणून दडे बसतात. उतरताना जास्त त्रास होतो. आईच्या बटव्यात खडीसाखर होती, ती चघळत सारखं गिळत राहायचं. तेवढ्याने भागलं नाही, तर नाक धरून, तोंड मिटून अगदी हलकेच फुंकायचं. जोर लावायचा नाही. उतरायला लागल्यावर झोपू देऊ नका, झोपेत गिळणं कमी होतं आणि कान दुखतो. सर्दी जोरात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आवाजांची यादी आदल्या रात्री सांगून झाली होती. उडाल्यावर थोड्या वेळाने पंख्यांचा आवाज खाली येतो, ते बंद पडणं नव्हे, चढण्याला लागणारी ताकद कमी केलेली असते. उतरण्याआधी पोटाखालून धाडकन आवाज येतो, ती चाकं बाहेर निघतात. ढगांत धक्के बसतात, म्हणून पट्टा लावूनच बसायचं. पट्टा सोडायला बकल दाबायचं नाही, वरची पट्टी उचलायची. आईने घरी ओढणीला गाठ मारून सराव केला होता, विमानात तिने अण्णांचाही पट्टा सोडवून दिला.

परतीला तोंड उलट दिशेला, म्हणून गोदावरी उजवीकडे. तेव्हा सीट डी आणि एफ, आणि खिडकी अण्णांची.

हैदराबादेत चारमिनार संध्याकाळी, गोवळकोंडा सकाळी लवकर आणि जमेल तेवढ्याच पायऱ्या. सालारजंग संग्रहालयातलं वाजणारं घड्याळ बघायचं तर दुपारी 12 च्या थोडं आधी जागा धरा, तेव्हा ठोके सगळ्यात जास्त. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे तिकिटं काढताना तारखेबरोबर वारही बघून घेतला.

आई, अण्णा, पुढच्या आरडीचा पहिला हप्ता भरलाय. कुठं जायचं ते तुम्ही ठरवा.

#पहिलं_विमान #आईअण्णा #पहिली_बचत #ओझर #पिंपळगाव_बसवंत #नाशिककर