केळी पॅकहाऊससाठी पॅकिंग सुपरवायझर (स्त्री किंवा पुरुष), १ जागा, सावदा, ता. रावेर

पगार दरमहा २२,००० ते २६,००० रुपये, पीएफ कापण्याआधीचा. पॅकिंगची लाइन आधी सांभाळली असेल तर वरचा आकडा, नसेल तर खालचा. पहिले ३ महिने चाचणीचे, पण पगार पूर्ण. आठवड्याला ४८ तास. त्यावर थांबलात तर दुप्पट दराने पैसे. सुट्टी आठवड्यातून एक, पण ठरलेल्या वारी नाही. हंगामात रविवारीही गाडी भरते. मार्च ते जून काम सकाळी ६ ते २, कारण दुपारी शेडखाली उभं राहवत नाही.

काम

निर्यातीची केळी इथे १३ किलोच्या खोक्यात भरली जातात. फण्या काढणे, तुरटीच्या पाण्यात चीक धुणे, वजन, पॅकिंग, मग शीतगृह, अशी साधारण २० जणांची लाइन तुमच्याकडे असेल. दर अर्ध्या तासाने भरलेलं एक खोकं उघडायचं: वजन, कॅलिपरने जाडी, ओरखडे, चिकाचे डाग. नोंद रजिस्टरमध्ये. डाग दिसले तर आधी टाकीचं पाणी बदलायचं. चीक साचलेल्या पाण्यात धुतलेली फणी इथे स्वच्छ दिसते आणि पिकल्यावर काळी पडते. लाइन थांबवायला कुणाला विचारायची गरज नाही. थांबवल्याबद्दल बोलणीही खावी लागणार नाहीत.

शीतगृहाचं तापमान दर २ तासांनी बघायचं. ते १३.५ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. १३ च्या खाली बराच वेळ गेलं की साल काळपट पडते आणि पिकल्यावर नीट पिवळी होत नाही. आत जायला जॅकेट आम्ही देतो.

लागतंच ते

मराठीत नोंदी लिहिणं, बेरीज-टक्केवारी, आणि कामगारांशी कामापुरतं हिंदी बोलणं. शिवाय ५ तरी माणसांकडून एखादं काम करून घेतल्याचा अनुभव: शेतात, बचत गटात, लग्नाच्या स्वयंपाकात, कुठेही.

पदवी, इंग्रजी संभाषण, स्वतःची मोटारसायकल लागत नाही. वयाची अट १८ पूर्ण, एवढीच. बोलण्यात अहिराणी किंवा तावडी आली तर बिघडत नाही, निम्मी लाइन तशीच बोलते. खोकी उचलणं या कामात नाही. एका जागी फार वेळ उभं राहता येत नसेल तर तपासणीच्या टेबलापाशी उंच स्टूल आहे. आणखी काही सोय हवी असेल तर मुलाखतीत सांगा. महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, आणि अंधार पडल्यावर सुटणाऱ्या प्रत्येकाला गाडी घरापर्यंत सोडते.

अर्ज

३१ जानेवारीपर्यंत, सोमवार ते शनिवार, १० ते १ या वेळेत पॅकहाऊसच्या ऑफिसात या. एका कागदावर नाव, गाव, आधी काय काम केलं ते लिहून आणा; हाताने लिहिलेलं चालेल. निवडलेल्यांना २ तास लाइनवर उभं करू, त्याचे ३०० रुपये त्याच दिवशी रोख. त्यात एकच परीक्षा: समोरच्या १० खोक्यांतली कोणती परत पाठवाल, आणि का. निकाल ७ दिवसांत फोनवर कळवू, नकार असला तरी.