विश्वस्त मंडळाच्या मासिक सभेचे इतिवृत्त : ग्रामदैवत देवस्थान सार्वजनिक न्यास, जि. पुणे

सभेचा दिनांक : रविवार, 13 जुलै 2025
वेळ : सकाळी 10.30
स्थळ : देवस्थान कार्यालय, भक्तनिवास इमारत

उपस्थिती : अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार व ज्येष्ठ विश्वस्त (एकूण 6). सातव्या विश्वस्तांनी प्रकृतीच्या कारणास्तव रजेचा अर्ज पाठविला. तो मंजूर झाला. न्यासाच्या घटनेनुसार 4 विश्वस्तांची गणपूर्ती होत असल्याने अध्यक्षांनी सभेस सुरुवात केली.

विषय 1 : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
सचिवांनी 8 जून 2025 च्या सभेचे इतिवृत्त वाचले. त्यातील "मंडप खर्चातील गैरव्यवहार" या शब्दांस उपाध्यक्षांनी हरकत घेतली. त्या सभेत कोणावरही जबाबदारी निश्चित झाली नव्हती आणि चौकशीही झालेली नाही, असे त्यांनी निदर्शनास आणले. खजिनदारांनी यास दुजोरा दिला.
ठराव क्र. 1 : सदर शब्दांऐवजी "मंडप खर्चाच्या पावत्या व रोजकीर्द यांतील ₹4,620 ची तफावत" असे वाचावे. मूळ शब्द वाचता येतील अशा रीतीने एका रेषेने छेदून समासात अध्यक्ष व सचिवांनी स्वाक्षरी करावी. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात येत आहे.
सूचक : उपाध्यक्ष. अनुमोदक : खजिनदार. सर्वानुमते मंजूर.

विषय 2 : दानपेटी मोजदाद.
12 जुलै रोजी दोन विश्वस्त, पुजारी व ग्रामस्थांपैकी दोन पंचांसमक्ष पेटी उघडण्यात आली. नोटा ₹1,76,200 व नाणी ₹8,150, एकूण ₹1,84,350 मिळाले. याखेरीज पिवळ्या धातूची नथ 1 व पांढऱ्या धातूचे डोळे 3 जोड मिळाले. सराफाकडून तपासणी झालेली नसल्याने त्यांची नोंद सोने किंवा चांदी अशी केलेली नाही.
ठराव क्र. 2 : रोख रक्कम सोमवारी बँकेत भरावी. वस्तूंची तपासणी व वजन करून अलंकार नोंदवहीत नोंद घ्यावी. तोपर्यंत त्या दोन कुलपांच्या तिजोरीत ठेवाव्यात.
सूचक : खजिनदार. अनुमोदक : ज्येष्ठ विश्वस्त. सर्वानुमते मंजूर.

विषय 3 : मंदिर आवारातील प्रसाद व नारळविक्रीचे 4 गाळे.
विद्यमान करारांची मुदत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपते. चारही गाळेधारकांनी 5 वर्षांसाठी नूतनीकरण मागितले आहे. एक गाळेधारक आपले निकटचे नातेवाईक असल्याचे सहसचिवांनी स्वतःहून सांगितले व ते सभागृहाबाहेर गेले. चर्चा व मतदानाच्या वेळी 5 विश्वस्त उपस्थित होते.

सचिवांनी सांगितले की, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 अन्वये इमारत किंवा बिगरशेती जमीन 3 वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. खजिनदारांनी जाहीर निविदा मागविण्याची सूचना केली. ज्येष्ठ विश्वस्तांच्या मते, हे गाळेधारक अनेक वर्षे देवस्थानाची सेवा करीत आहेत व यात्रेतील पाण्याची सोय तेच पाहतात. त्यांना वाजवी भाडेवाढ करून मुदत द्यावी. त्यांच्या सेवेबद्दल सभेत दुमत नव्हते. मतभेद पद्धतीबाबत होता. समान देकार आल्यास विद्यमान गाळेधारकास प्राधान्य देण्याची दुरुस्ती उपाध्यक्षांनी सुचविली. ती खजिनदारांनी स्वीकारली.

ठराव क्र. 3 : गाळे प्रत्येकी 3 वर्षांच्या मुदतीने, मोहोरबंद निविदा मागवून भाड्याने द्यावेत. सूचना देवस्थान व ग्रामपंचायतीच्या फलकांवर 1 ऑगस्टपासून 15 दिवस लावावी. विद्यमान गाळेधारकांस निविदा भरण्यास मुभा राहील. समान देकार असल्यास त्यांना प्राधान्य मिळेल. निविदा विश्वस्त मंडळाच्या सभेत उघडाव्यात. आपल्या नातेवाईकाची निविदा असलेल्या विश्वस्तांनी त्या कामकाजात भाग घेऊ नये.
सूचक : खजिनदार. अनुमोदक : उपाध्यक्ष. बाजूने 4, विरोधात 1. बहुमताने मंजूर.
ज्येष्ठ विश्वस्तांचे भिन्न मत त्यांच्या विनंतीवरून वर नोंदविले असून, लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखविला व त्यांनी तो मान्य केला. त्यानंतर सहसचिव सभेत परतले.

विषय 4 : सन 2024-25 चे लेखापरीक्षित हिशेब.
जमा ₹21,46,800, खर्च ₹17,93,250, शिल्लक ₹3,53,550. विषय 1 मधील तफावतीवर लेखापरीक्षकांचा स्वतंत्र अभिप्राय मागविण्याचे ठरले.
ठराव क्र. 4 : हिशेब स्वीकारण्यात येत आहेत. लेखापरीक्षण अहवाल 31 ऑगस्टपूर्वी धर्मादाय कार्यालयात सादर करावा. शिल्लकेपैकी ₹3,00,000 अनुसूचित बँकेत मुदत ठेवीत ठेवावेत.
सूचक : सचिव. अनुमोदक : सहसचिव. सर्वानुमते मंजूर.

ऐनवेळचा विषय : दर्शनरांगेच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ साचून भाविक घसरतात, अशी तोंडी तक्रार सहसचिवांनी मांडली. पायऱ्या आठवड्यातून दोनदा घासण्याचे व कठडा दुरुस्तीचे अंदाजपत्रक पुढील सभेत ठेवण्याचे ठरले. खर्चाचा विषय कार्यपत्रिकेवर नसल्याने ठराव केला नाही.

सचिवांनी आभार मानल्यावर दुपारी 12.50 वाजता सभा संपली.

इतिवृत्त लेखन : सचिव
वाचून स्वाक्षरी : अध्यक्ष